पंढरपूर–तुळजापूर–अक्कलकोट सहल : माणशी 3,900 की 4,200?

खजिनदार: सर्वांना नमस्कार. सहलीचा हिशोब पुन्हा मांडतोय, कारण कालच्या 3,900 मध्ये मला एक गोम दिसली आहे.
बसवाल्याचा दर किलोमीटरला 60 रुपये आहे. आपलं अंतर साधारण सव्वासातशे भरतं, पण रोजचे किमान 300 धरतात, म्हणजे तीन दिवसांचे 900 किलोमीटर. 54,000 झाले. टोल-पार्किंग 6,000 आणि ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता 3,000 धरून गाडीचे एकूण 63,000. 42 जणांत माणशी 1,500 पडतात.
दोन मुक्काम, एका खोलीत तिघं, 800. चहा-नाश्ता-जेवण 1,250. अडीअडचणीसाठी 350.

सी-101, आजोबा: मग गोम कुठे आहे?

खजिनदार: गाडीचे 63,000 माणसं कमी झाली तरी कमी होत नाहीत. गेल्या वेळी शेवटच्या आठवड्यात सात नावं गळाली. तसंच झालं तर 10,500 कमी पडतील. 35 जणांचे अडीअडचणीचे 12,250 जमतील, त्यातून ही तूट भरली की हातात 1,750. अक्कलकोटला कुणाची शुगर उतरली, दवाखान्यात न्यावं लागलं, वेगळी गाडी करून पुण्याला पाठवावं लागलं, तर एवढ्यात काय होणार?

ए-302, काकू: गळणाऱ्यांचे पैसे परत देऊच नका.

खजिनदार: वहिनी, आपल्या वयात नाव गळतं ते बहुतेक आजारपणामुळे. घरात कुणी अ‍ॅडमिट असताना पैसे अडकवणं मला पटत नाही. म्हणून म्हणतो, गाडी 35 जणांवर वाटू. माणशी 1,800, एकूण 4,200. सगळे 42 आले तर गाडीचे 300 प्रत्येकाला परत. अडीअडचणीतून उरेल तेही परत, हिशोब याच ग्रुपवर टाकीन.

बी-204, काका: अक्कलकोटला अन्नछत्रात महाप्रसाद आहे, तिथलं दुपारचं जेवण धरलंय का?

खजिनदार: नाही धरलं. तिथे ज्याने त्याने यथाशक्ती देणगी द्यावी.

डी-403, ताई: काका, गाणगापूरही घ्या ना, तिथून जवळच आहे.

खजिनदार: ताई, ते कर्नाटकात. बसला बाहेरच्या राज्याचं परमिट आहे का ते आधी पाहावं लागेल, आणि मुक्कामही वाढेल. तीन दिवसांत दमछाक होईल. या वेळी नको.

सचिव: 4,200 ला माझी संमती. तारीख एकादशी टाळून ठरवू. त्या गर्दीत खोल्याही मिळत नाहीत आणि दर्शनाची रांग आपल्याला झेपत नाही.

ए-302, काकू: बरं, पटलं. आमची दोन नावं लिहा. पण एका खोलीत तिघं म्हणजे आमच्यात तिसरं कोण?

खजिनदार: जोडप्याला वेगळी खोली हवी असेल तर 1,200 दोघांत, म्हणजे दोन रात्रींचे माणशी 400 जास्त. नाहीतर बायका एका खोलीत, पुरुष दुसऱ्या.

ए-302, काकू: मग बायकांतच बरी. पण ह्यांना तळमजला आणि कमोड लागेल, तेवढं आधी विचारून ठेवा.

खजिनदार: उद्या सकाळी भक्तनिवासाला फोन करतो. अजून कुणाला हवं असेल तर आज रात्रीपर्यंत फ्लॅट नंबर लिहा.