महिन्याच्या डब्याला सूट किती?

"आठवड्याचे सहा डबे ६०० रुपयांना देते. महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्यांना १५ टक्के सूट परवडेल का?"

१५ नको, ५ पुरे. किराणा, भाजी, गॅस, पोचवणं धरून १०० च्या डब्यात ७५ जात असतील, तर उरलेल्या २५ मधले १५ सुटीतच गेले! आगाऊ पैशांनी वाणसामान एकदम भरता येतं, पण भाजी रोजचीच, तिथे काही वाचत नाही. २६ डब्यांचे २६०० ऐवजी २४७० घ्या.

खरी गोम खाड्यांत आहे. आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर डबा पुढे सरकवायचा, तोही महिन्यात चारदाच. सकाळी कणीक मळून झाल्यावर आलेला मेसेज धरायचा नाही. नवीन गिऱ्हाइकाला मात्र आधी आठवडाच द्या, नाहीतर चव पटली नाही की पैसे परत करण्याची कटकट मागे लागते.