गोपनीयता म्हणजे नाव लपवणे नव्हे

>> ऑफिसच्या लैंगिक छळविरोधी धोरणात गोपनीयता आहे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला नाव कळणार नाही ना?

कळणार, आणि लवकर. लैंगिक छळाच्या तक्रारीत (२०१३चा कायदा) अर्जाच्या सहा प्रती द्याव्या लागतात. त्यातली एक प्रत चौकशी करणारी तक्रार समिती ७ कामकाजी दिवसांत समोरच्याला पाठवते आणि त्याने १० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे असते. आरोप कोणी केला हेच माहीत नसेल तर तो बचाव कशाच्या आधारे करणार? कलम १६ची बंदी आहे ती नावे, जबाब, शिफारशी बाहेर पसरवण्यावर. कँटीनमधली कुजबुज थांबेल असे मात्र समजू नका.

मी अशा समितीवर होते. नाव कळल्यावरचा काळच सगळ्यात अवघड जातो, कारण चौकशीला ९० दिवसांची मुदत असते आणि तो माणूस बऱ्याचदा साहेबच असतो. म्हणून तक्रारीसोबतच अंतरिम दिलासा लेखी मागा. दोघांपैकी एकाची बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा तुमचा कामाचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, अशी शिफारस समिती करू शकते. ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. अप्रेझल तोंडावर असेल तर तिसरी मागणी आधी करा.