म्हशीचा पीळ सुटला, पण पुढच्या वेताला परत पडेल का?

माणदेशी_पोर:
मदत हवी आहे. आम्ही सांगोल्याकडचे. पंढरपुरी म्हैस, तिसरं वेत, दिवस भरलेले. परवा संध्याकाळपासून नुसती ऊठबस, मागच्या पायानं पोटावर लाथा, पण फुगा काय दिसेना. आण्णा म्हणाले कळांचं इंजेक्शन टोचू, मागं एकीला दिलेलं तर पटकन व्याली. आई म्हणाली नको, ही जोर लावत नाही, नुसती तळमळतीय. आणि ती गोणपाट टाकून म्हशीच्या तोंडापाशी बसली ती सकाळपर्यंत हलली नाही.

डॉक्टर दीड वाजता पोचले. हात घालून म्हणाले गर्भाशयाला उजवीकडं पीळ आहे. अंगणात कडबा पसरून तिला उजव्या कुशीवर पाडली, पुढचे पाय एकत्र, मागचे एकत्र बांधले, पोटावर फळी तिरकी टाकून जमिनीकडच्या टोकावर मला उभं केलं आणि बाकीच्यांनी पाय वरून फिरवत तिला हळूहळू डाव्या कुशीवर नेली. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा केलं आणि डॉक्टरांच्या हातावरून भसकन पाणी आलं. चारला पारडी ओढून काढली, श्वासच घेईना, आईनं नाकात कडब्याची काडी फिरवली तेव्हा शिंकली.

वार पडली, चीक पाजला, दोघी बऱ्या आहेत. पण आण्णा म्हणतात विकून टाकू, पुढच्या वेताला परत हेच होणार. खरंच होतं का?

गोठ्यातला_माणूस:
आमच्या म्हशीचं पण दर वेताला अंग बाहेर येतं, शेवटी विकली. तुम्ही पण विका.

पशुसेवक_२०:
दादा, अंग बाहेर येणं वेगळं, ते परत परत होतं. पीळ एकदा पडला म्हणून पुन्हा पडेलच असं नाही. म्हशींमध्ये हे बरंच बघायला मिळतं, भरल्या दिवसात घसरली, दुसरीनं धडक दिली तरी होतं. इंजेक्शन दिलं नाही ते फार बरं केलं, वाट पिळलेली असताना कळा वाढवल्या तर पिशवी फाटायची भीती. आणि दिवसभर थांबला असता तर पलटी मारून सुटायची आशा कमी होते, मग ऑपरेशनच.

रानवाटा:
शेवटच्या दोन महिन्यात रोज चालवायची, पीळ पडला तरी चालवून आपोआप सुटतो.

पशुसेवक_२०:
चालवणं चांगलंच, पण पीळ पडल्यावर त्या भरवशावर बसू नका. कळा सुरू होऊन दोन-तीन तासात फुगा दिसला नाही की डॉक्टरला फोन करायचा.

माणदेशी_पोर:
आमच्या गोठ्यातली फरशी मुतानं निसरडी होते, त्यानंच झालं असेल का? आण्णांना हे सगळं वाचून दाखवलं. विकायचं अजून डोक्यातून गेलेलं नाही, पण आज वैरण त्यांनीच टाकली.