रांग बघून रांगेत उभं राहणं: शहाणपणा की मेंढरपणा?

रविवारचा_पाहुणा
काल सकाळी आम्ही घरचे पाच जण मिसळ खायला गेलो. दुकानाबाहेर ही भली मोठी रांग, पन्नास मिनिटं उन्हात उभे राहिलो, आणि समोरच दुसरं मिसळवाल्याचं दुकान होतं तिथे मालक एकटा पेपर वाचत बसलेला. तिकडे जावं असं पाचांपैकी एकालाही वाटलं नाही. मिसळ ठीकठाक होती, म्हणजे पन्नास मिनिटांची नव्हती. संध्याकाळी मेव्हण्याचा फोन, अमुक कंपनीचा आयपीओ, म्हणजे पहिल्यांदाच लोकांना विकायला काढलेल्या शेअरचा इश्यू, दोनशे पट भरलाय, उद्या शेवटचा दिवस, टाक. मी टाकला. कंपनी काय करते तेसुद्धा नीट माहीत नव्हतं. रात्री झोपताना वाटलं की सकाळी जे केलं तेच संध्याकाळी केलं. लोक करतायत म्हणून करणं खरंच इतकं वाईट आहे का? की त्यातही काही अक्कल आहे?

कोथरूडकर७२
सरळ मेंढरं आहेत सगळी. पुढची खड्ड्यात गेली की मागचीही जाणार. मी गेली वीस वर्षं एकच नियम पाळतो, लोक घेतात तेव्हा घ्यायचं नाही आणि लोक विकतात तेव्हा घ्यायचं. गर्दी कायम चुकीची असते. बॅलन्स शीट वाचायला अर्धा तास लागतो, तो कोणाकडे नाही, पण मिसळीसाठी पन्नास मिनिटं आहेत!

तर्रीबाज
मिसळ कुठली ते सांगा आधी 😀 रांग मोठी म्हणजे मिसळ भारी असं अजिबात नसतं हो. आमच्याकडे एक आहे, आत टेबलं फक्त सहा, त्यात एकच माणूस रस्सा वाढणार, तोच पाव आणणार आणि तोच पैसे घेणार. रांग लागेल नाहीतर काय होईल. त्याने मागची खोली उघडून अजून दहा टेबलं टाकली तर रांग दोन दिवसांत गायब होईल, पण तो टाकत नाही, हुशार आहे.

बाजारबुणगा
कोथरूडकर, तुमचा नियम ऐकायला छान आहे पण मी उलटंच करतो आणि माझं बरं चाललंय. मला मिसळ खायचीच नाहीये, मला रांगेतला नंबर विकायचाय. दोनशे पट भरला म्हणजे ज्यांना मिळाला नाही ते लिस्टिंगच्या, म्हणजे शेअर बाजारात पहिल्यांदा उघडतो त्या दिवशी बाहेर पैसे घेऊन उभे असणार, त्यांना मी माझा लॉट देतो आणि घरी जातो. कंपनी साबण बनवते की सुया, मला काय करायचंय? गेल्या वर्षी सात लागले, सहांत फायदा. गर्दी चुकीची कशी म्हणता?

जुना_क्लार्क
मी निवृत्त माणूस, इश्यूचे अर्ज कागदावर यायचे तेव्हा ते मोजण्याच्या कामात बरीच वर्षं घालवली, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पाहुण्यांनी जो प्रश्न विचारलाय तो जवळजवळ तसाच्या तसा अभिजित बॅनर्जींनी 1992 च्या एका पेपरात मांडलाय (तेच, 2019 चे नोबेलवाले, आई मराठी). दोन हॉटेलं शेजारी शेजारी, अ आणि ब. शंभर माणसं एकामागून एक येणार. सगळ्यांनाच आधीपासून अ किंचित बरं वाटतंय, अगदी 51 विरुद्ध 49 इतकंच. शिवाय प्रत्येकाने स्वतः कुठूनतरी एक गोष्ट ऐकलीय. समजा 99 जणांनी ऐकलंय की ब चांगलं आणि फक्त एकाने ऐकलंय की अ चांगलं. आणि नेमका तो एकटाच सगळ्यात आधी आला. तो अ मध्ये गेला. दुसरी बाई आली, तिने ऐकलंय ब चांगलं, पण समोर बघते तर एक माणूस अ मध्ये गेलेला, म्हणजे त्याने उलट ऐकलं असणार. दोन्ही ऐकीव गोष्टी सारख्याच वजनाच्या, एकमेकींना कापून गेल्या, उरलं ते 51 विरुद्ध 49, म्हणून तीही अ मध्ये. आता तिसऱ्याची गंमत बघा. ती बाई काय ऐकून आली होती हे त्याला कळायला मार्गच नाही, कारण तिने अ ऐकलं असतं तरी ती अ मध्येच गेली असती. म्हणजे तिच्या जाण्यातून त्याला नवीन काहीच कळलं नाही, तो तिच्याच जागी आला, आणि तोही अ मध्ये. असे शंभरच्या शंभर अ मध्ये जातात आणि ब चा मालक पेपर वाचत बसतो.

कोथरूडकर, यात एकही मेंढरू नाही हो. प्रत्येकाने आपल्यापुरता बरोबर विचार केला. तरी शंभर जणांच्या रांगेत माहिती मात्र एकाच माणसाची आहे. गर्दी चुकीचीच असते असं यातून निघत नाही, पहिल्याने बरोबर ऐकलं असतं तर सगळे बरोबरच ठरले असते. लांबी बघून तुम्हाला ते कळत नाही, एवढंच.

कोथरूडकर७२
हे हॉटेलात ठीक. शेअरबाजारात असं चालत नाही, तिथे लोक घ्यायला लागले की भाव वाढतो, मग आपोआप माणूस थांबतो.

जुना_क्लार्क
हा मुद्दा मात्र तुम्ही बरोबर पकडलात, आणि अर्धाच सोडलात. रोजच्या बाजारात रांग वाढली की मिसळ 120 ची 200 ची होते, मग ज्याने समोरचं दुकान चांगलं असं ऐकलंय तो म्हणतो मरो, 200 कोण देतं, आणि तिकडे जातो. त्याची माहिती वापरली जाते. (तिथेही गर्दी वेडी होतेच, पण तिची कारणं वेगळी.) आयपीओत काय होतं? भावाची पट्टी आधीच छापलेली. इश्यू दोन पट भरो की चारशे पट, वरचा आकडा तोच. रांग कितीही वाढली तरी मिसळ 120 लाच. म्हणून बॅनर्जींचं हॉटेल बाजारात नेमकं कुठे सापडतं म्हणाल तर इथे. त्यात एक्स्चेंजच्या साइटवर किती पट भरला ते दिवसभर दिसत असतं, म्हणजे रांग सगळ्या देशाला मोबाइलवर दिसते.

मीनल_एस
मी याच रांगेतली 🙋‍♀️ एका छोट्या कंपनीच्या एसएमई आयपीओला मी, मिस्टर, सासूबाई आणि दीर अशा चार डिमॅटवरून अप्लाय केलं होतं. एका अर्जाला लाखाच्या वर ब्लॉक. ग्रुपवर रोज जीएमपी, म्हणजे लिस्टिंगआधी बाजाराबाहेर बोलला जाणारा जादा भाव यायचा, 80, 95, 110, मला वाटायचं एवढ्या लोकांनी काहीतरी बघितलं असणारच. लागला तो सासूबाईंच्या नावावर. लिस्टिंगला सकाळी भाव इश्यूपेक्षा जरा खालीच उघडला आणि पाच मिनिटांत लोअर सर्किट, म्हणजे त्या दिवशी भाव ज्याच्या खाली जाऊच शकत नाही तिथे. विकायला टाकलं तर घेणारच कोणी नाही, आणि एसएमईत एक-दोन शेअर विकता येत नाहीत, अख्खा लॉटच जायला हवा. तिसऱ्या दिवशी गेला एकदाचा. सासूबाई अजून विचारतात, माझ्या पैशांचं काय झालं. मला एकच कळत नाही, इतके पट लोक रांगेत होते ना, मग त्या दिवशी सकाळी ते गेले कुठे?

बाजारबुणगा
जीएमपीवर विश्वास ठेवलात ही चूक. तो आकडा कोणीही फेकतो, त्याची कुठे पावती नसते. मी फक्त सबस्क्रिप्शन बघतो, ते खरं असतं.

जुना_क्लार्क
मीनलताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वर तर्रीबाजांनी दिलंय, त्यांना कल्पना नसेल. टेबलं किती ते बघा.

ऑगस्ट 2024 मधलं दिल्लीचं एक प्रकरण आठवत असेल, रिसोर्सफुल ऑटोमोबाइल. यामाहाच्या दोन शोरूम, आठ कर्मचारी, इश्यू जेमतेम 12 कोटींचा. मागणी आली साधारण 4,800 कोटींची, म्हणजे चारशे पट. पेपरांत चारशे पट हा आकडा गाजला. पण आठ माणसांची कंपनी चारशे पट भारी होती म्हणून हे झालं का? भागाकाराच्या खाली 12 होते, सहा टेबलांचं दुकान. तीच मागणी 1,200 कोटींच्या इश्यूला आली असती तर चार पट म्हणाले असते आणि तुम्ही पान उलटलं असतं.

आता वरचा आकडा, 4,800 कोटी. हे पैसे कोणी दिलेत का? नाही. खात्यात नुसते ब्लॉक होतात, व्याजही तुम्हालाच मिळत राहतं, नाही लागला तर दोन-तीन दिवसांत सुटतात. मिसळीच्या रांगेत निदान ऊन लागतं, पाय दुखतात, म्हणून ज्याला खरंच खायचीय तोच टिकतो. इथे उभं राहायला काहीच लागत नाही. मग चार डिमॅटवरून सासूबाईंनाही उभं करता येतं. 😊 आणि त्यातले निम्मे बाजारबुणग्यांसारखे, नंबर विकायला आलेले. सेबीने एप्रिल 2021 ते डिसेंबर 2023 मधले इश्यू तपासले तेव्हा साध्या गुंतवणूकदारांना मिळालेल्यातले किमतीच्या हिशेबाने सुमारे निम्मे शेअर आठवड्याच्या आत विकले गेलेले निघाले. म्हणजे त्या सकाळी ते लोक गेले नव्हते ताई, ते तिथेच होते, तुमच्याच बाजूला, विकायच्या रांगेत.

त्या दिल्लीच्या शेअरचा इश्यू भाव 117 होता आणि उघडला तो 117 लाच.

तर्रीबाज
म्हणजे मी बरोबर बोललो होतो 😎

बाजारबुणगा
एक उदाहरण काढून काय सिद्ध होतं? माझे सातपैकी सहा फायद्यात आहेत हो!

जुना_क्लार्क
लागलेले सात सांगितलेत, टाकलेले किती ते नाही सांगितलंत. अंदाजे हिशोब मांडू, आकडे माझे काल्पनिक. लॉट 15,000 चा. गरम इश्यू, वीस अर्जांतून एकाला लागतो, लागला तर 30 टक्के, म्हणजे 4,500. वीसमधून एकदा, तर एका अर्जामागे सरासरी 225 रुपये. आता थंड इश्यू, रांगच नाही, टाकला की लागलाच, आणि 10 टक्के पडला. गेले 1,500. सहा-सात गरम अर्जांची कमाई एका थंडात साफ. रिकाम्या दुकानात टेबल लगेच मिळतं, हीच त्यातली अडचण.

बाजारबुणगा
पण मी थंडात टाकतच नाही ना! शेवटच्या दिवशी तीन वाजता बघतो, मोठ्या संस्थांचा कोटा भरला असेल तरच टाकतो, पाचच्या आत मोबाइलवर पैसे ब्लॉक करायचं मॅन्डेट मंजूर करतो. तुमचा 1,500 चा खड्डा मला लागूच होत नाही.

जुना_क्लार्क
हे मान्य, खोटं कशाला बोलू. शेवटपर्यंत थांबून टाकणाऱ्याचा तो खड्डा बराचसा बुजतो. आणि संस्थांचा कोटा वेगळा बघताय हेही बरं, त्यातल्या काहींनी निदान दुकानात जाऊन रस्सा चाखलेला असू शकतो. पण तेही एकमेकांकडे बघूनच शेवटच्या दिवशी येतात, त्यामुळे त्यांच्यात पहिला माणूस कोण हे मला आजही सांगता येणार नाही. आणि तुमच्या पद्धतीत हाती लागतात ते अर्जामागे 225, त्यासाठी रोज तीन वाजता मोबाइल घेऊन बसायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

कोथरूडकर७२
म्हणजे शेवटी वाचायलाच पाहिजे. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

मीनल_एस
वाचून तरी काय काका, त्या कंपनीचं चारशे पानी पुस्तक मी उघडलं होतं, दहाव्या पानावर झोप लागली.

जुना_क्लार्क
अख्खं वाचू नका. पैसे कशाला हवेत ते एक प्रकरण असतं, आणि गेल्या तीन वर्षांचा विक्री-नफा. नफा बरोबर इश्यूच्या आदल्या वर्षीच एकदम उडी मारून वर गेला असेल तर तेवढ्यापाशी थांबा.

रविवारचा_पाहुणा
माझा दोनशे पटवाला लागला नाही, आजच मेसेज आला, पैसे सुटले. मेव्हण्याला लागला. आता त्याचा फोन येतोय म्हणून उचलत नाहीये 😅 आणि तर्रीबाज, टेबलं आठ होती, मी मोजली नव्हती, मुलीने मोजलेली. समोरच्यात येत्या रविवारी जाऊन बघतो.