चुलते वारले, साहेबांना रजेचा मेसेज कसा लिहू?

नानांचा_पुतण्या (पहाटे ५.४०)
काल गुरुवारी, ८ तारखेला रात्री माझे थोरले चुलते वारले. गाव तासगाव तालुक्यात, मी कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आज सकाळी दहाला माती आहे. नानांना मुलगा नाही. मी सातवीत असताना वडील गेले, तेव्हापासून त्यांनीच मला सांभाळलं. अग्नी मीच देणार.

साहेबांना साडेआठच्या आत कळवायला हवं. साहेब चांगले आहेत, पण कंपनीच्या नियमात दुखवट्याची तीन दिवसांची रजा फक्त आईवडील, नवराबायको, मुलं आणि सख्खी भावंडं यांच्यासाठीच आहे. चुलते त्यात येत नाहीत. शिवाय ११ ला जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख. मी हे लिहिलंय:

"सर, एका नातेवाईकांचे दुःखद निधन झाल्यामुळे मी काही दिवस कामावर येऊ शकणार नाही. कृपया समजून घ्यावे."

बरोबर वाटत नाही, पण काय चुकतंय तेही कळत नाही. रात्रभर झोप नाही. कोणी सुधारून द्याल का?

विटेकर_७७ (५.५८)
फार वाईट वाटलं. असं पाठवा: "सर, आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

मिरजेची_वहिनी (६.०४)
भाऊ, साहेबांच्या घरी नाही, यांच्याच घरी गेलंय माणूस. यांना रजा कळवायची आहे.

विटेकर_७७ (६.०६)
माफ करा, घाईत वाचलं.

जतचा_मास्तर (६.१५)
काळजी करू नका. दुखवट्याची तेरा दिवसांची पगारी रजा कायद्यानेच मिळते, तसं स्पष्ट लिहा. कोणी नाही म्हणू शकत नाही.

माहुलीकर (६.३१)
मास्तर, असं लिहिलं तर हा मुलगा अडचणीत येईल. खाजगी नोकरीत दुखवट्यासाठी वेगळी रजा कायद्यात नाही. ती ज्या त्या कंपनीच्या नियमावर असते. दुकानं आणि ऑफिसांसाठी २०१७ चा जो राज्याचा कायदा आहे, त्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, पण तीही तिमाहीनुसार जमा होते, एकदम आठ हातात नसतात. बाकी साठलेली हक्काची रजा. तुमचं म्हणणं इतकंच खरं, की अशा वेळी रजा नाकारणारा साहेब क्वचितच भेटतो.

पुतण्या, मी साताऱ्यात बावीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात हजेरी आणि रजा सांभाळली. असे शेकडो मेसेज माझ्याकडे आले. तुझ्या मेसेजात नम्रता पुरेशी आहे, पण तो वाचून साहेबांना काहीच करता येणार नाही. कोण गेलं, किती दिवस, ११ चं काम कोण करणार, हे तिन्ही प्रश्न त्यांना तुलाच विचारावे लागतील आणि नेमका त्या वेळी तू स्मशानात असशील. मेसेजला उत्तर म्हणून "कोण?" किंवा "कधी येणार?" आलं, की समजायचं मेसेज अपुरा होता.

"एका नातेवाईकांचे" हे तर काढच. लांबच्या पाहुण्यांसाठी लोक असं लिहितात. चुलते लिही, आणि त्यांनी वाढवलं हे एका वाक्यात लिही. चुलते नियमात बसत नाहीत ना, मग साहेबांना वरती रदबदली करायला तेवढा एक आधार मिळतो. "वडील वारले" असं मात्र चुकूनही लिहू नकोस. एकानं तसं केलं होतं. पुढे ऑफिसनं मृत्यूचा दाखला मागितला, त्यावर नाव चुलत्यांचं. रजा तर गेलीच, पुढची तीन वर्षं त्या माणसाचं आजारपणही कोणी खरं मानलं नाही.

मिरजेची_वहिनी (६.३८)
माझे सासरे गेले तेव्हा मी आजारपण, दवाखाना, शेवटची रात्र, सगळं लिहून पाठवलं होतं. मॅडमनी शेवटी फोन करून विचारलं, "म्हणजे उद्या येणार की नाही?" त्यांचंही चुकलं नाही, तारीख मी कुठे लिहिलीच नव्हती.

नानांचा_पुतण्या (६.४४)
काका, दिवस किती लिहू? उद्या शनिवारी रक्षाविसर्जन. मग दहावा, तेरावा. दोन्हीला मलाच बसायचंय.

माहुलीकर (६.५९)
गेलेला दिवस पहिला धरला तर ८ चा दहावा १७ ला आणि तेरावा २० ला. पण या तारखा घरातली वडीलधारी माणसं आणि भटजी ठरवतील, कधी एखादा दिवस मागेपुढे होतो. म्हणून आत्ताचे दिवस पक्के लिही आणि पुढचे दोन "लागतील" एवढंच लिही. सलग तेरा दिवस मागितलेस तर साहेबांना तुझ्या जागी माणूस बघावा लागेल. तीन आणि दोन अशी फोड केलीस तर मध्ये तू कामावर असतोस.

अकरा तारखेचं काय करून ठेवलंयस?

नानांचा_पुतण्या (७.०३)
विक्रीची बिलं पोर्टलवर चढवून झालीत, ज्युनिअरला माहीत आहे. ओटीपी साहेबांच्याच मोबाईलवर येतो.

माहुलीकर (७.१२)
मग तुझ्यावाचून अडत नाही, तेच लिही. ११ ला रविवार आहे, शनिवारीच भरून टाकायला सांग. हे बघ:

"नमस्कार सर. माझे थोरले चुलते काल रात्री वारले. वडिलांच्या मागे त्यांनीच मला वाढवलं, आज अग्नी मीच देणार आहे. आज ९, उद्या १० आणि सोमवारी १२ तारखेला मी रजेवर असेन, मंगळवारी १३ ला कामावर येतो. दहाव्या-तेराव्यासाठी १७ आणि २० ची रजा लागेल, नक्की झालं की कळवतो. जीएसटीआर-१ ची बिलं चढवलेली आहेत, ज्युनिअरला सांगितलं आहे. उद्या आपल्या ओटीपीने भरता येईल. दुपारी तीनपर्यंत फोन बंद राहील."

ग्रुपवर टाकू नको, साहेबांना एकट्यांना पाठव. दाखल्याचा उल्लेख आत्ता नको. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, दाखला नंतर देता येतो. रजा कोणत्या खात्यात टाकायची हेही आल्यावर बोला.

जतचा_मास्तर (७.२०)
मसुदा चांगला आहे. पण "रजेवर असेन" म्हणजे आपणच ठरवल्यासारखं होतं. "रजा मिळावी ही विनंती" असं हवं.

माहुलीकर (७.२४)
अर्जात तसंच लिहायचं, मास्तर. पण मातीला जायला परवानगी कोणी मागत नाही. पुढच्या दोन दिवसांसाठी "मिळावी" लिहिलं तर मला पटेल.

वारणाकाठ (७.२९)
मला वेगळंच बोलायचंय. अग्नी दिलेल्यानं दहा दिवस घर सोडू नये, आमच्याकडे अजून पाळतात. मंगळवारी कामावर येतो असं आत्ताच लिहू नका. आधी काकूंना विचारा.

मिरजेची_वहिनी (७.३३)
आमच्याकडे तिसऱ्यानंतर जातात कामाला. घराघरावर आहे.

नानांचा_पुतण्या (७.५१)
काकूंना विचारायला आत गेलो होतो. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता हात धरून बसल्या. म्हणून "१३ ला येतो" काढून "१३ ला येण्याचा प्रयत्न आहे, सोमवारी संध्याकाळपर्यंत नक्की सांगतो" असं केलं. १७ आणि २० ला "रजा मिळावी" लिहिलं. बाकी काकांचंच. पाठवला.

नानांचा_पुतण्या (८.१०)
साहेबांचं उत्तर आलं: "वाईट झालं. ११ चं मी बघतो. घरी सांभाळ." काही विचारलं नाही. मंगळवारचं अजून ठरलेलं नाही. निघतो, तिरडीचं सामान आणायचंय.