मदत हवी आहे: ऑफिसातली मैत्रीण सारखी जेवायला बोलावते, ताई म्हणते काही नाही

वेर्णेकर_बाब: पटकन सांगा, शुक्रवारच्या आत ठरवायचं आहे. ऑफिसातली एक जण दीड महिना मला जेवायला बोलावते आहे, आठवड्यातून तीनदा तरी. रविवारी सिनेमाला येतेस का विचारायचं मनात आहे. काल ताईशी वाद झाला, तो असा:

ताई: पैसे कोण देतं?
मी: ज्याचे त्याने.
ताई: मग ती भूक आहे रे, दुसरं काही नाही.
मी: पण मलाच का?
ताई: तुझी स्कूटर आहे म्हणून. वसाहतीतून हायवेवरच्या खाणावळीपर्यंत पावसात चालत कोण जाणार?
मी: तुला सगळीकडे स्कूटरच दिसते.
ताई: आणि तुला प्रत्येक थाळीत लग्न.

काही अर्थ आहे की नाही?

काळुंद्र: दीड महिना म्हणजे जूनपासून. बंदीच्या दिवसांत कसली नुस्त्याची थाळी खाता? बर्फातला बांगडा असणार.

पागी_साळ: बंदी ट्रॉलरना. खाडीत होडी चालते. शेवटे, तिसऱ्या ताज्या मिळतात. न कळता बोलू नये.

मालती_फोंडा: मासे राहू देत. जूनच्या आधी ती कुणाबरोबर जेवायची? आणि कंपनीच्या बसने येते का?

वेर्णेकर_बाब: बसनेच येते. आधी अकाउंट्समधल्या मैत्रिणीबरोबर जायची, तिच्याकडे गाडी होती. ती मे अखेरीस बाळंतपणाच्या रजेवर गेली. याचा काय संबंध?

मालती_फोंडा: सगळा संबंध तिथेच आहे. जोडीदारीण गेली त्याच आठवड्यात तुला आमंत्रण सुरू झालं. तुझी ताई बरोबर बोलते आहे. पण एवढ्याने निकाल लागत नाही. ज्या दिवशी स्कूटर नव्हती, त्या दिवशी काय झालं?

वेर्णेकर_बाब: दोनदा पावसामुळे मीही बसने आलो. एकदा म्हणाली कॅन्टीनमध्ये बसूया. दुसऱ्यांदा काहीच विचारलं नाही. हां, आणि सोमवारीही बोलावते. सोमवारी ती शिवराक असते, डाळभात आणि भाजी खाते.

काळुंद्र: सोमवारी डाळभातासाठी हायवेवर? डाळभात तर कॅन्टीनमध्येही मिळतो! झालं, पक्कं आहे. विचार बिनधास्त.

मालती_फोंडा: सोमवारचं खरंच बोलकं आहे. नुस्त्यासाठी जायचं नाही, तरी माणूस हवा आहे. पण तो सोबत म्हणून हवा की तूच हवा, हे त्यातून कळत नाही. एकटीने ताट घेऊन बसायला बाईमाणसाला नको वाटतं, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही.

दादूस_डिचोली: माझं ऐक. १९९८ मध्ये मलाही एक जण रोज चहाला बोलवायची. मी दोन वर्षं वाट पाहिली. शेवटी कळलं, तिला माझ्याकडून विम्याची पॉलिसी घ्यायची होती. मी विमा विकत नव्हतो, माझा भाऊ विकायचा.

नियमवाली: ऑफिसात असलं काही विचारायचंच नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे विचारलंस की थेट तक्रार.

मालती_फोंडा: एवढं सरळ नाही. कायद्यात मुद्दा समोरच्या बाईला नको असलेल्या वागण्याचा आहे. एकदा सभ्यपणे विचारणं आणि नाही म्हटल्यावरही मागे लागणं, यात फरक आहे. पण वेर्णेकर, एक राहिलं. ती तुझ्या हाताखाली आहे का?

वेर्णेकर_बाब: हाताखाली असं नाही. तिचा रजेचा अर्ज आणि ओव्हरटाइम माझ्या सहीने जातो, एवढंच.

मालती_फोंडा: एवढंच?! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. आता प्रत्येक आमंत्रणाला तिसरा अर्थ आला: साहेबाशी बरं ठेवावं. आणि तू सिनेमाचं विचारलंस तर नाही म्हणताना तिला चवथीची रजा आठवणार. ती हो म्हणाली तरी तो हो कशाचा, हे तुला कळायचं नाही. शुक्रवार विसर. विचारायचंच असेल तर आधी तिच्या सह्या दुसऱ्याकडे जातील असं बघ. तोवर एखाद्या जेवणाला आणखी एकाला बरोबर ने. ती खुश झाली तर तिला सोबत हवी होती. नंतर पुन्हा दोघांनीच जाऊ म्हणाली, तर मग पुढचं बोलू.

काळुंद्र: तिसरा माणूस स्कूटरवर कुठे बसवणार?

नियमवाली: तिघे बसले तर चलन वेगळंच.

वेर्णेकर_बाब: सह्या सोपवायच्या तर साहेबांना कारण काय सांगू? ताईला हे वाचून दाखवलं. म्हणाली, रजेच्या सहीचं मलाही सांगितलं नव्हतंस. आज स्कूटर घरी ठेवून आलोय. एक वाजायला दहा मिनिटं आहेत. अजून मेसेज नाही, आणि ताई मात्र तीनदा विचारून झाली.