शिवणकामाचा चॅनेल: शिकणारे येतात, शिवून घेणारे का येत नाहीत?

नवी_सुई: मी कपड्यांची दुरुस्ती आणि फिटिंगची कामं करते. चार महिन्यांत चॅनेलवर १८ व्हिडिओ टाकले. मशीनमध्ये दोरा ओवणं, बॉबिन भरणं, सरळ शिलाई, काज-बटण असं अगदी पहिल्यापासून. बघणारे वाढताहेत, आभारही मानतात. पण काम घेऊन एकही जण आला नाही. मूलभूत गोष्टी शिकवल्या की हळूहळू गिऱ्हाईक जोडलं जातं म्हणतात, ते खरं आहे का? माझं नेमकं कुठे चुकतंय?

जुनी_कात्री: स्पष्टच सांगतो ताई, राग मानू नका. जो माणूस बॉबिन भरायला शिकतोय त्याच्या घरी मशीन आहे आणि त्याला स्वतः शिवायचंय. तो तुमच्याकडे कशाला येईल? मी तीस वर्षं हे काम करतोय. माझं गिऱ्हाईक बोलाबोलीतून आलं. एकाची पँट नीट बसली, त्याने भावाला पाठवलं. व्हिडिओ करण्यात जाणारे तास हातातल्या कामाला द्या.

मापपट्टी: कात्रीदादांचा पहिला मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. शिकवणं चुकलेलं नाही, कोणाला शिकवलं ते चुकलं. तुम्ही शिवणाऱ्याला शिकवताय. कपडा घालणाऱ्यालाही मूलभूत गोष्टी शिकवता येतात, आणि तुमचं गिऱ्हाईक तोच आहे.

एक उदाहरण देते. माझा एक व्हिडिओ आहे, 'शर्ट घट्ट होतोय की खांदा चुकलाय?' त्यात मी मशीनला हातही लावत नाही. शर्ट घालून सगळी बटणं लावायची आणि आरशात सुरकुत्या बघायच्या. बटणापासून दोन्ही बाजूंना आडव्या ताणरेषा गेल्या तर छातीत कपडा कमी आहे. खांद्यापासून काखेकडे तिरक्या घड्या पडत असतील तर खांद्याचा उतार जुळत नाही. मग शर्ट उलटा करून बाजूच्या शिलाईच्या आत किती कपडा दाबलाय ते पट्टीने मोजायचं. पुरेसा दाब असेल तर सैल करता येतो. अर्धा सेंटीमीटरच असेल तर जवळपास काहीच मिळत नाही, त्यासाठी शिंप्याकडे फेऱ्या मारू नका, असं मी त्यात सरळ सांगते.

पुढचा भाग मी मुद्दाम अगदी जवळून दाखवला. जुनी शिलाई उसवली की भोकांची रांग राहते, आणि इतके दिवस आत दडलेली कपड्याची पट्टी बाहेरच्यापेक्षा गडद दिसते, कारण तिला ना ऊन लागलेलं असतं ना तेवढी झीज. धुतलेल्या सुती कपड्यात भोकं बरीच मिटतात, घट्ट विणीच्या रेशमी कपड्यात राहतात. हे बघितलेला माणूस येतो तेव्हा त्याने घरी मोजलेलं असतं. 'दाब दीड सेंटीमीटर आहे, भोकं दिसतील का?' एवढाच त्याचा प्रश्न असतो. त्याच्याशी घासाघीस करावी लागत नाही.

धावता_धागा: माझ्या मते आधी १००० सबस्क्रायबर पूर्ण करा, त्याशिवाय काही मिळत नाही. त्यासाठी रोज एक शॉर्ट टाका. शॉर्ट लगेच पसरतात, आणि खाली तुमच्या कामाची लिंक दिली की झालं.

मापपट्टी: १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास ही अट जाहिरातीतल्या उत्पन्नाची आहे. काम मिळण्याशी तिचा संबंध नाही, माझे ४०० असतानाच कामं यायला लागली होती. शॉर्ट पसरतात हे मात्र खरं. पण शॉर्टच्या वर्णनातली लिंक २०२३ पासून दाबता येत नाही. त्यापेक्षा शॉर्टला तुमचाच मोठा व्हिडिओ जोडा, ती सोय आहे. शिवाय काखेत शर्ट काचला म्हणून शोधत आलेला माणूस आणि अंगठ्याने पुढे सरकवणारा माणूस यांची निकड सारखी नसते.

रंधा: शिवणकाम मला कळत नाही, मी खुर्च्या-टेबलं दुरुस्त करतो. डगमगणाऱ्या खुर्चीचा सांधा पुन्हा चिकटवायचा कसा, हे मी व्हिडिओत पूर्ण दाखवलं. काही न लपवता: जुना डिंक खरवडून लाकूड उघडं पडेपर्यंत साफ करा, कारण वाळलेल्या डिंकावर नवा नीट धरत नाही. मित्र म्हणाले, धंदा घालवलास. झालं उलटं. लोकांनी खुर्ची उघडली, निम्म्यांचं काम जमलं, आणि काही जण सुटे पाय पिशवीत घालून माझ्याकडे आले. कुठला पाय कुठला, यावर खूण करायची राहून गेली होती. आता ती खूण मी व्हिडिओत आधी करायला सांगतो. तरी लोक येतात, कारण मी खरवडताना किती वेळ लागतो हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

शांत_मशीन: आवाजाचं काय करता? माझ्या व्हिडिओत मशीनच्या खडखडाटात बोलणं ऐकूच येत नाही. नवीन माइक घ्यावा का?

मापपट्टी: विषय वेगळा आहे, पण माइक घेण्याआधी मशीन चालू असताना बोलणं बंद करून बघा. शिवून झाल्यावर शांत खोलीत बोला आणि तो आवाज चित्रावर बसवा.

जुनी_कात्री: रंधाभाऊंचं पटलं, पण खुर्ची कोणाच्याही अंगाला बसवायची नसते. व्हिडिओ बघणारा असतो भलत्याच गावी. तो मापं लिहून पाठवणार, मी त्यावरून शिवायचं? घरी माप घेणारा माणूस पट्टी कधी आवळतो, कधी सैल सोडतो. एक काम बिघडलं तर तोच माणूस सगळ्यांसमोर खाली लिहिणार.

मापपट्टी: ही भीती खरी आहे, मलाही फटका बसलाय. म्हणून लांबच्या माणसाकडून मी अंगाचं माप घेतच नाही. नीट बसणारा त्याचा एक कपडा सपाट अंथरून मोजायला सांगते: काखेच्या शिलाईखाली एक इंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दुप्पट. पट्टीसकट फोटो मागते. साध्या सुती शर्टाला हे चालतं. ताणल्या जाणाऱ्या कपड्यात आकडा भरवशाचा राहत नाही, आणि खांद्याचा उतार तर सपाट कपड्यावरून नीट कळतच नाही. खांद्याचं काम मी लांबून घेत नाही.

जुनी_कात्री: म्हणजे दुरुस्तीत जे सगळ्यात अवघड, तेच व्हिडिओतून येऊ शकत नाही. माझं म्हणणं तेच आहे. फिटिंग अंगावरच होते.

नवी_सुई: तुमचं सगळं वाचून रात्री यूट्यूब स्टुडिओ उघडलं आणि लोक काय शोधून आले ते बघितलं. सगळ्यात जास्त आले ते 'खाली दोरा गुंततो' यासाठी. (दाबपट्टी खाली असताना वरचा दोरा ओवला की तो ताणाच्या चकत्यांत बसत नाही आणि गुंता मात्र खाली दिसतो, म्हणून सगळे बॉबिनलाच दोष देतात.) ते सगळे मशीनवालेच, कात्रीदादा म्हणाले तसे.

मग जुन्या कमेंट वाचल्या. चेन बदलण्याच्या व्हिडिओखाली तिघांनी विचारलं होतं, 'तुम्ही करून देता का?' आणि मी तिघांनाही बदलायची कशी तेच पुन्हा समजावलं होतं. करून देते असं लिहिलंच नाही! आज तिघांना उत्तर दिलं, आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत मी काय काम घेते ते लिहिलं. तिघांपैकी एकाचं उत्तर आलं. त्याच्या जाड जॅकेटची धातूची चेन आहे, आणि तो विचारतोय की दातांपैकी दोनच तुटलेत तर पूर्ण चेन बदलावी लागेल का. मधले दात तुटले असतील तर पूर्णच बदलावी लागते ना? की खालच्या टोकाचे असतील तर त्यावर टाके घालून भागेल?

जुनी_कात्री: खालच्या टोकाचे असतील आणि चेन तळाला उघडत नसेल, तर तुटलेल्या दातांच्या वर पाच-सहा पक्के टाके आडवे घाला, सरक तिथेच थांबतो. जॅकेट पूर्ण उघडणारं असेल तर हा उपाय चालणार नाही. फोटो मागवा आधी.